आहार, नैराश्य आणि चिंता: कोकणातल्या रोजच्या जेवणाच्या संदर्भात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या घरांमध्ये आहार आणि मन:स्थिती यांविषयी बोलणे निघाले की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. संशोधनातून काय दिसले आहे, ते किती भक्कम आहे आणि आपल्या ताटाशी त्याचा संबंध कसा लावावा, एवढाच या लेखनाचा विषय आहे.

निकृष्ट आहारामुळे नैराश्य येते का?

आहाराची प्रत आणि नैराश्य यांचा परस्परसंबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळला आहे, तेव्हा त्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. हजारो निरोगी माणसांचा आहार आधी नोंदवून पुढची अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवणारे जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे आणि ऑलिव्हचे तेल यांवर आधारलेला भूमध्य समुद्राकाठचा आहार ज्यांनी सर्वांत जास्त पाळला, त्यांना नैराश्य येण्याचा धोका तो सर्वांत कमी पाळणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. उलट बाजूनेही असेच दिसते. अमेरिकेतल्या ३१ हजारांहून अधिक परिचारिकांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्या गटात नैराश्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दीडपट निघाला.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. ‘एक तृतीयांशाने कमी’ हे प्रमाण तुलनेचे आहे. समजा एखाद्या गावातल्या १०० माणसांपैकी काही वर्षांत ६ जणांना नैराश्य येणार असेल, तर एक तृतीयांश घट म्हणजे ६ ऐवजी ४. उरलेल्या ९४ जणांना तसेही नैराश्य येणार नव्हते, आणि चौघांना चांगला आहार घेऊनही ते आले. म्हणून ‘तू नीट जेवत नाहीस, म्हणूनच तुला हा त्रास झाला’ असे आजारी माणसाला सुनावणे शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे, आणि त्या माणसावर अन्याय करणारेही आहे.

पण नैराश्य आल्यावर माणसाचे जेवण आपोआपच बिघडते. मग आधी काय आणि नंतर काय, हे कसे कळणार?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि या क्षेत्रातली खरी अडचणही हीच आहे. भूक मंदावणे किंवा अतोनात वाढणे हे नैराश्याच्या निदानाचेच एक लक्षण आहे. ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो माणूस नाचणीची भाकरी थापत बसत नाही. तो डब्यातली बिस्किटे खातो. शिवाय हातातला पैसा, एकटेपणा, झोप, तंबाखू, दारू आणि दीर्घकाळचे आजार या गोष्टी आहारावर आणि मनावर एकाच वेळी परिणाम करतात. संशोधक अशा घटकांचा हिशेब गणिताने वजा करतात, तसेच अभ्यासाच्या पहिल्या काही वर्षांत आजारी पडलेल्यांना वगळून पाहतात. तरीही संबंध पुष्कळदा टिकून राहतो, मात्र थोडा क्षीण होतो. माझ्या वाचनाप्रमाणे हा प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो, आणि कोणती दिशा अधिक प्रबळ आहे हे केवळ निरीक्षणातून ठरत नाही. त्यासाठी आहार मुद्दाम बदलून पाहावा लागतो.

असा आहार बदलून पाहण्याचा प्रयोग कोणी केला आहे का?

होय. सर्वांत जास्त उल्लेख होतो तो ऑस्ट्रेलियातल्या फेलिस जॅका यांच्या गटाने केलेल्या चाचणीचा. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले आणि ज्यांचा आहार मुळातच निकृष्ट होता असे ६७ जण तिच्यात होते. बहुतेकांची औषधे किंवा समुपदेशन आधीपासून चालू होते आणि ते थांबवले गेले नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला १२ आठवड्यांत आहारतज्ज्ञाच्या सात बैठका मिळाल्या: पहिल्या चार दर आठवड्याला, नंतरच्या तीन पंधरा दिवसांच्या अंतराने. दुसऱ्या गटाला तेवढ्याच बैठका मिळाल्या, पण त्यांत आहाराचा विषय नव्हता. प्रशिक्षित व्यक्ती त्यांच्याशी खेळ, बातम्या, संगीत अशा आवडीच्या विषयांवर गप्पा मारत असे किंवा पत्ते खेळत असे. दुसऱ्या गटाची ही रचना फार महत्त्वाची आहे, कारण आपुलकीने विचारपूस करणारे माणूस भेटले तरी नैराश्य थोडे हलके होते, आणि त्या परिणामापासून अन्नाचा परिणाम वेगळा काढायचा होता.

शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी आहाराच्या गटात ३१ जणांतले १० जण लक्षणांच्या मोजपट्टीवर जवळपास आजारमुक्त म्हणावेत इतके सुधारले. गप्पांच्या गटात २५ पैकी २. वजनात विशेष फरक पडला नाही, म्हणजे वजन कमी झाल्याच्या आनंदाने मन सुधारले असे म्हणता येत नाही. त्या आहाराचा आठवड्याचा खर्चही सहभागी लोक आधी जेवढा करत होते त्यापेक्षा कमी भरला, ही गोष्ट मला विशेष बोलकी वाटते.

मग आहाराने नैराश्य बरे होते, असे सिद्ध झाले म्हणायचे का?

नाही. ३१ पैकी २१ जण आजारमुक्त झाले नाहीत, ही त्याच चाचणीची दुसरी बाजू आहे. शिवाय गोळीच्या चाचणीत खरी गोळी आणि खोटी गोळी दिसायला सारखी ठेवता येते. जेवणात ते शक्य नाही. आपण ‘चांगल्या आहाराच्या’ गटात आहोत हे माणसाला कळते, त्याची आशा वाढते आणि प्रश्नावलीला तो जी उत्तरे देतो त्यांत ती आशा उतरते. गप्पांच्या गटातून अधिक लोक गळाले, हेही आकड्यांना बाधा आणते, आणि ६७ ही संख्या लहान आहे.

पुढे २०१९ मध्ये युरोपातल्या चार देशांत १,०२५ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्या माणसांचे वजन जास्त होते आणि त्यांना नैराश्याची सौम्य लक्षणे होती, मात्र पूर्ण आजार नव्हता. त्यांना वर्षभर पोषणपूरक गोळ्या, आहाराच्या सवयींचे समुपदेशन किंवा दोन्ही दिले. कशानेही नैराश्याचा आजार येणे टळले नाही. या दोन निष्कर्षांत विसंगती दिसते, पण प्रश्नही वेगळे होते. पहिल्या चाचणीत आधीच आजारी आणि निकृष्ट खाणारी माणसे होती, दुसरीत आजार होऊ नये म्हणून प्रयत्न होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १६ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात आहारबदलाचा नैराश्याच्या लक्षणांवर लहान पण खरा परिणाम दिसला. चिंतेवर मात्र परिणाम दिसला नाही. या सगळ्यावरून माझे मत असे आहे की निदान झालेल्या नैराश्यात, आणि विशेषतः आहार खरोखरच बिघडलेला असताना, जेवण सुधारणे हा उपचाराला दिलेला चांगला जोड आहे. उपचाराच्या जागी ते बसत नाही.

ऑलिव्हचे तेल आणि परदेशी भाज्या आमच्याकडे कुठून आणायच्या?

आणण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीतला आहार वस्तूंच्या नावांनी न पाहता त्याच्या रचनेने पाहिला, तर तो असा दिसतो: रोज भरपूर भाज्या आणि फळे, मैद्याऐवजी अख्खी धान्ये, आठवड्यातून तीन-चार वेळा कडधान्ये, निदान दोनदा मासे, रोज थोडा बिनमिठाचा सुका मेवा, दूध-दही आणि अंडी. गोड, तळलेले आणि पाकीटबंद पदार्थ आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा नाहीत. मांसाहारही वर्ज्य नव्हता.

ही रचना कोकणच्या जुन्या स्वयंपाकघरात बरीचशी आधीच आहे. नाचणीची भाकरी किंवा आंबील, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची आमटी, वालाचे बिरडे, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू. खाडीकाठी तिसऱ्या, किनाऱ्यावर बांगडा आणि तारली. अडचण या पदार्थांच्या अभावाची नाही. सकाळची पेज जाऊन तिथे चहा-खारी आली, संध्याकाळी भाजलेल्या दाण्यांच्या जागी फरसाणाचे पाकीट आले, आणि दुपारच्या ताटात भाताचा ढीग वाढत गेला तशी उसळ आणि भाजी आक्रसत गेली. म्हणून नवीन काही आणण्यापेक्षा ताटातले प्रमाण बदलणे हे पहिले काम आहे: भात एक वाटीने कमी, त्या जागी एक वाटी उसळ आणि एक वाटी भाजी.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. चाचणी ऑस्ट्रेलियातल्या लोकांवर झाली. नारळाच्या वाटपाचे कालवण आणि ऑलिव्हच्या तेलातली भाजी यांत स्निग्धांशाचा प्रकार वेगळा आहे, म्हणून त्या चाचणीतले आकडे आपल्या ताटाला जसेच्या तसे चिकटवणे योग्य नाही. समान आहे ती रचना, आणि अपेक्षा ठेवायची ती तेवढ्यावरच.

आम्ही तर रोज मासे खातो. मग आमच्याकडे नैराश्य का असते?

कारण मासा हे नैराश्याचे औषध नाही. मासे खाणाऱ्यांत नैराश्य काहीसे कमी आढळते, असे निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात, आणि त्याचे श्रेय बहुधा ओमेगा-३ या स्निग्धाम्लांना दिले जाते. ही स्निग्धाम्ले तेलकट माशांत जास्त असतात. तारली आणि बांगडा हे बाजारातले स्वस्त मासे या दृष्टीने बोंबलापेक्षा सरस आहेत, ही सर्वसामान्य घरासाठी चांगली बातमी आहे. मात्र कुरकुरीत होईपर्यंत भरपूर तेलात तळण्यापेक्षा तिखले किंवा कालवण करणे बरे.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलबद्दल पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक प्रौढांना सुमारे पाच वर्षे रोज १ ग्रॅम ओमेगा-३ किंवा तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल देऊन पाहिले गेले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य टाळण्यात तिचा काहीही उपयोग झाला नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेही त्याच लोकांमध्ये तसेच झाले. नैराश्य आधीच असलेल्यांत ओमेगा-३ च्या ठरावीक प्रकाराचा थोडा फायदा काही चाचण्यांत दिसतो, पण तो घ्यायचा की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. निरोगी माणसाने मन चांगले राहावे म्हणून कॅप्सूल विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, श्रावणात घरात मासे येत नाहीत. त्या दिवसांत काय करावे?

राज्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि त्याला लागूनच श्रावण येतो, त्यामुळे अनेक घरांत अडीच-तीन महिने ताजा मासा जवळजवळ नसतो. निरोगी माणसाच्या मनावर तेवढ्याने परिणाम होईल, असे मानण्याचे कारण नाही. काळजी असते ती ताटातून मासे गेल्यावर त्यांच्या जागी काय आले याची. कुळीथ, वाटाणे, चवळी, अंडी, दही आले तर प्रथिनांची भरपाई होते. लोणचे आणि पापडावर भात संपवला, तर होत नाही. सुकट, सोडे आणि सुके बांगडे प्रथिनांसाठी चांगले आहेत. फक्त खारवलेल्या माशात मीठ फार असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी ते आधी पाण्यात भिजवून, पाणी टाकून देऊन आणि बेताने खावेत.

एखाद्या माणसाच्या बाबतीत हे सगळे प्रत्यक्षात कसे दिसते?

पुढचे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही, ते समजावून सांगण्यासाठी रचले आहे. पण त्यातली प्रत्येक गोष्ट दवाखान्यात नेहमी दिसणारी आहे.

देवगड तालुक्यातल्या एका गावात ६१ वर्षांच्या काकू एकट्या राहतात. यजमान गेल्या दिवाळीनंतर वारले, मुलगा आणि सून डोंबिवलीला असतात. मधुमेहासाठी त्या आठ वर्षे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी घेत आहेत. जूनपासून त्यांनी स्वयंपाक जवळजवळ सोडला. सकाळी गोळी आणि चहा, अकराच्या सुमारास पुन्हा चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी मनाला वाटले तर भात आणि लोणचे, रात्री पेज. शेजारच्या वहिनींनी विचारले की एकच उत्तर: “माका भूकच लागना नाय.” पहाटे तीनला जाग येते. वजन पाच किलोंनी उतरले आहे. दुपारच्या आधी हातपाय कापतात, घाम फुटतो, छातीत धडधडते आणि काहीतरी वाईट होणार अशी भीती वाटते. घरच्यांनी तिला ‘मनाची भीती’ म्हणून सोडून दिले.

प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांना नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली विचारली जाते. तिचे गुण ० ते २७ असतात आणि ते १० किंवा त्याहून अधिक आले तर लक्ष घालावे लागते. काकूंचे गुण १७ येतात, म्हणजे नैराश्य बरेच तीव्र आहे. पण डॉक्टर तिथेच थांबत नाहीत. धडधड होत असताना वहिनींना ग्लुकोमीटरवर साखर मोजायला सांगतात, ती ५८ निघते. ७० च्या खाली म्हणजे साखर धोक्याइतकी उतरलेली आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी माणूस जेवो वा न जेवो इन्शुलिन वाढवते, त्यामुळे गोळी तीच आणि जेवण अर्धे झाल्यावर अकरा वाजता येणारी ती भीती मनातून उठत नव्हती, रिकाम्या पोटातून उठत होती. रक्ततपासणीत थायरॉइड ठीक निघते, बी१२ जीवनसत्त्व मात्र खूप कमी.

येथे घाईने असे वाटेल की मासे बंद झाल्यामुळे बी१२ घटले. तसे होत नाही, कारण यकृतातला बी१२ चा साठा काही वर्षे पुरतो, दोन महिन्यांत तो संपत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने आतड्यातून बी१२ कमी शोषले जाते, हे सर्वज्ञात आहे, आणि येथे तेच संभाव्य कारण आहे. तिसऱ्या, मासे, अंडी, दूध यांत बी१२ भरपूर असले तरी शोषणच बिघडलेले असताना केवळ ताटातून ही तूट लवकर भरून निघत नाही. म्हणून इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी लागते. बी१२ च्या कमतरतेत उदासी, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या आणि जीभ सोलवटल्यासारखी होणे ही लक्षणे दिसू शकतात, त्यामुळे नैराश्याच्या रुग्णात ती तपासून पाहणे वाया जात नाही.

उपचार चार बाजूंनी सुरू होतो. ग्लिमेपिराइडची मात्रा डॉक्टर कमी करतात, बी१२ ची इंजेक्शने लागतात, नैराश्यावरचे औषध सुरू होते आणि जेवणाची घडी बसवली जाते. पहिले दोन आठवडे काय खावे यापेक्षा केव्हा खावे एवढेच ठरते: सकाळी गोळीबरोबर पेज आणि एक उकडलेले अंडे, दुपारी एकला जेवण, रात्री आठला जेवण, आणि यांतले एक जेवण वहिनींच्या घरी. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारच्या ताटात कुळथाची पिठी किंवा उसळ आणि एक पालेभाजी येते. सहाव्या आठवड्यापासून सहा कप चहा तीनवर आणि दुपारी चारच्या आत येतो, साखर निम्मी होते. मासेमारी सुरू झाल्यावर आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा.

अकराची धडधड पहिल्याच आठवड्यात थांबते, त्यावरून तिचे कारण साखर होते हे पक्के होते. झोप चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुधारते. १२ आठवड्यांनी प्रश्नावलीचे गुण १७ वरून ८ वर येतात. यात औषधाचा वाटा किती, बी१२ चा किती, आहाराचा किती आणि रोज एक वेळ वहिनींसोबत बसून जेवण्याचा किती, हे एका माणसाच्या बाबतीत वेगळे काढता येत नाही. उपचाराच्या दृष्टीने ते वेगळे काढण्याची गरजही नाही. फक्त नंतर कोणी ‘काकू कुळथाने बऱ्या झाल्या’ असे सांगू लागले, तर ते खरे मानू नये.

चिंता आणि घबराट यांवर आहाराचा परिणाम होतो का?

आहाराच्या एकूण प्रतीने चिंताविकार कमी होतो, असा भक्कम पुरावा सध्या नाही, हे वर आलेच आहे. एका घटकाबद्दल मात्र पुरावा स्पष्ट आहे, तो म्हणजे कॅफीन. ज्यांना अचानक तीव्र घबराटीचे झटके येतात, अशा लोकांना सुमारे पाच कप कॉफीइतके कॅफीन एकदम दिले तर त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना झटका येतो. निरोगी माणसांत हे प्रमाण नगण्य असते. चहात कॉफीच्या निम्म्याच्या आसपास कॅफीन असते, पण आपल्याकडे चहाचे कप मोजले जात नाहीत. कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरा वाजताही शरीरात अर्धा शिल्लक असतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिंता वाढते आणि ती घालवायला पुन्हा चहा होतो.

ज्यांना चिंतेचा त्रास आहे त्यांनी चहा एकदम तोडू नये, कारण त्याने दोन-तीन दिवस डोके दुखते आणि चिडचिड होते, आणि माणूस प्रयोग सोडून देतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा, दुपारनंतरचा आधी, आणि तीन आठवड्यांनी फरक पडला का ते पाहावे. नाही पडला, तर चहा हे कारण नव्हते असे समजून पुढे जावे.

शरीरातले बहुतेक सेरोटोनिन पोटात तयार होते, म्हणून पोट सुधारले की मन सुधारते, हे खरे का?

या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे; सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते. परंतु ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातले जीवाणू, शरीरातला दाह आणि मेंदू यांच्या संबंधांवर गंभीर संशोधन चालू आहे आणि आहाराचा परिणाम त्या वाटेने होत असेल, ही शक्यता खरी आहे. तरी आतड्यातल्या जीवाणूंची महागडी तपासणी करून नैराश्यावर आहार लिहून देण्याइतके ज्ञान अजून नाही.

उपवास आणि वार पाळल्याने मनावर परिणाम होतो का?

आठवड्यातून एक-दोन वार शाकाहारी जेवण किंवा एखादा उपवास निरोगी माणसाला बाधत नाही, आणि त्यातून मिळणारा श्रद्धेचा आधार पुष्कळांना मोलाचा असतो. साबुदाणा हा जवळजवळ केवळ पिष्ट असतो, म्हणून उपवासाला वरी, शेंगदाणे, ताक, केळी आणि रताळी यांचा वापर जास्त करावा. दोन परिस्थितींत मात्र आधी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. एक म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन, त्याचे कारण काकूंच्या उदाहरणात आले आहे. दुसरी म्हणजे लिथियम हे औषध. मीठ अचानक बंद केले किंवा शरीरातले पाणी कमी झाले, तर लिथियमची रक्तातली पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून लिथियम घेणाऱ्याने निर्जळी किंवा अळणी उपवास करू नये, आणि जुलाब-उलट्या झाल्या किंवा मे महिन्यात घामाने हैराण झाले तर पाणी आणि मीठ यांकडे लक्ष ठेवावे. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही विषबाधेची लक्षणे आहेत आणि त्यांत थांबून पाहायचे नसते.

आहार सुधारल्यावर गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

स्वतःच्या मनाने नाही. नैराश्यावरची औषधे बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवावी लागतात आणि नंतर हळूहळू उतरवली जातात. एकदम थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोप न लागणे असे त्रास होतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. काही औषधांनी सुरुवातीला मळमळते, तर काहींनी भूक आणि वजन वाढते. तसे झाले तर गोळी कचऱ्यात न टाकता डॉक्टरांना सांगावे, कारण औषध बदलता येते.

घरातले माणूस जेवतच नसेल, तर घरच्यांनी काय करावे आणि दवाखान्यात केव्हा न्यावे?

आग्रह आणि ओरडा या दोन्हींनी काही साधत नाही. मोठे ताट समोर ठेवण्याऐवजी दर तीन तासांनी थोडे द्यावे: नाचणीचे सत्त्व दुधात, मऊ पेज आणि त्यात कुळथाची पिठी, अर्धे केळे, ताक. सोबत बसून खावे आणि जेवणावर भाष्य करू नये. आठवड्यातून एकदा वजन नोंदवावे, कारण रोज पाहणाऱ्याला माणूस उतरलेले लक्षात येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, कशातही रस उरला नाही किंवा वजन विनाकारण उतरत राहिले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्यावे. रत्नागिरीला शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

माणसाने अन्नाबरोबर पाणीही सोडले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, सामानसुमान वाटून टाकू लागले किंवा नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि तोवर त्याला एकटे सोडू नये. बागेसाठी आणलेली कीटकनाशके घरात असतील, तर ती आधी कुलपात ठेवावीत. टेलिमानस ही केंद्र शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.